शेवटच्या ओव्हरला सगळे ओरडतात 'यॉर्कर टाक', पण बॉलर बाउन्सर किंवा स्लोअर बॉल का टाकतो?

वाशिम असो, रिसोड असो की मंगरुळपीर. गावातली टेनिस बॉलची टुर्नामेंट सुरू आहे, शेवटच्या ओव्हरला 12 रन हवेत आणि बॉलर रनअपला निघालाय. अशा वेळी बाउंड्रीवर बसलेली सगळी पब्लिक एकच सल्ला देते, "यॉर्कर टाक रे, यॉर्कर!" बॉलर यॉर्कर टाकायला जातो, बॉल हातातून जरा लवकर सुटतो, बॅट्समनच्या गुडघ्यावर फुलटॉस येतो आणि बॉल थेट बाजूच्या वावरात. मग तीच पब्लिक म्हणते, "याला बॉल द्यायलाच नको होता."

आता चूक बॉलरची की सल्ल्याची?

टीव्हीवर मॅच बघतानाही हेच होतं. बॉलरनं स्लोअर बॉल टाकला आणि त्यावर सिक्स गेला की कमेंट्समध्ये बॉलरची शाळा घेतली जाते. पण तो बॉल टाकायचा निर्णय बरोबर असूनही मार बसू शकतो आणि निर्णय चुकीचा असूनही विकेट मिळू शकते. म्हणूनच कुठला बॉल कधी टाकायचा हे बॉलर कशावरून ठरवतो ते एकदा नीट समजून घेऊ.

सुरुवात यॉर्करपासून, कारण सगळ्यात जास्त गैरसमज त्याच्याबद्दलच आहेत.

यॉर्कर म्हणजे बॅट्समनच्या पायाशी, बॅट जिथे टेकते तिथेच टप्पा पडणारा बॉल. बॅटखाली जागाच नसल्यामुळे तो उचलता येत नाही. कागदावर यापेक्षा भारी बॉल नाही. अडचण आहे ती टाकण्यात. पीच 22 यार्डांचं, म्हणजे साधारण 20 मीटरचं असतं. पण बॉलर आपल्या क्रीजवरून बॉल सोडतो आणि बॅट्समन समोरच्या क्रीजवर उभा असतो, त्यामुळे बॉलला हवेत जेमतेम पावणेअठरा मीटर अंतर कापायचं असतं. ताशी 140 किलोमीटरच्या वेगानं टाकलेला बॉल हे अंतर साधारण 0.46 सेकंदात पार करतो.

आता यात गंमत अशी की हा बॉल खूप सपाट येत असतो. त्यामुळे हातातून सुटताना दिशा खालीवर एका अंशानं जरी चुकली, तरी समोर टप्पा जवळपास पावणेदोन मीटरनं पुढे-मागे होतो. यॉर्करसाठी उपयोगी जागा मात्र फार तर अर्ध्या मीटरची असते. म्हणजे बॉलरला एक अंशाची चूकसुद्धा परवडत नाही. बॉलरचा हात ज्या वेगानं फिरत असतो त्याचा हिशोब केला, तर हा एका अंशाचा फरक बॉल सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागानं लवकर किंवा उशिरा सोडल्यामुळे पडतो. थकलेले खांदे, घामानं किंवा दवानं ओला झालेला बॉल आणि समोर सेट झालेला बॅट्समन असताना हे जमवायचं असतं.

त्यात यॉर्कर चुकतो तो दोन्ही बाजूंनी. थोडा पुढे पडला तर फुलटॉस, थोडा मागे पडला तर हाफ व्हॉली. बॅट्समनला सगळ्यात जास्त आवडणारे बॉल हेच दोन. साध्या लेंथचा बॉल अर्धा मीटर इकडे-तिकडे झाला तर फार बिघडत नाही, यॉर्करला मात्र मध्यम चुकीची सोय नाही. सहा रन वाचवण्यासाठी टाकलेला बॉल सहा रन देऊन बसतो तो यामुळे.

तरीही यॉर्कर टाकतात, कारण जमला की त्याला उत्तर नाही. मराठी माणसाला यासाठी लांबचं उदाहरण शोधायची गरज नाही. श्रीरामपूरचा झहीर खान 2000 साली नैरोबीत आयसीसी नॉकआउट स्पर्धेत पहिल्यांदा भारताकडून खेळला. 7 ऑक्टोबरला, म्हणजे त्याच्या 22 व्या वाढदिवशी, क्वार्टर फायनलला समोर ऑस्ट्रेलिया होती. जगातल्या सगळ्यात चिवट बॅट्समनपैकी एक असलेल्या स्टीव्ह वॉला या नव्या पोरानं यॉर्करवर बोल्ड केलं. भारतानं ती मॅच 20 रननी जिंकली. डावखुरा बॉलर, जोरात येणारा बॉल आणि अजून कुणी फारसा पाहिलेला नसलेला हात. यॉर्कर टाकायला यापेक्षा चांगली वेळ नसते. बॅट्समनला बॉलर माहीत नसला की तो बॉल उशिरा ओळखतो आणि यॉर्करवर उशीर झाला की खेळ संपला.

पण बॅट्समनही हुशार झालेत. यॉर्कर येणार याची खात्री असेल तर बॅट्समन क्रीजमध्ये अगदी मागे, स्टंपला चिकटून उभा राहतो. क्रीजची रेघ आणि स्टंप यांच्यात चार फूट असतात. बॅट्समन मागे गेला की बॉलरनं मारलेला 'परफेक्ट यॉर्कर' त्याच्यासाठी हाफ व्हॉली बनतो. उलट एखादा बॅट्समन क्रीजच्या बाहेर उभा राहिला किंवा पुढे आला की तोच बॉल फुलटॉस होतो. म्हणजे यॉर्करची जागा पीचवर ठरलेली नसतेच, ती बॅट्समनच्या पायांवरून ठरते. म्हणून चांगला बॉलर रनअप सुरू करण्याआधी बॅट्समनच्या चेहऱ्याकडे कमी आणि पायांकडे जास्त बघतो.

बॅट्समन मागे चिकटून बसलाय, समोरचा पाय बाजूला घेऊन बॅट फिरवायला मोकळी जागा करतोय, हे दिसलं की बॉलरच्या डोक्यात दुसरा पर्याय येतो. तो म्हणजे वेग काढून घेणं.

स्लोअर बॉलचं सगळं रहस्य एका गोष्टीत आहे. हात तेवढ्याच जोरात फिरला पाहिजे, बॉल मात्र हळू गेला पाहिजे. बॅट्समन बॉलचा वेग बॉलरच्या रनअपवरून आणि हातावरून ओळखतो. हाताचा वेग कमी केला तर त्याला आधीच कळतं. म्हणून बॉलर बोटांशी खेळतो. कुणी ऑफ स्पिनरसारखी बोटं बॉलवरून फिरवतो, त्याला ऑफ कटर म्हणतात. कुणी मनगट उलटं करून हाताच्या मागच्या बाजूनं बॉल सोडतो. कुणी बोटं दोन्हीकडे फाकवून बॉल पकडतो. आणि कुणी पहिली दोन बोटं वाकवून, नखं आणि बोटांची पेरं बॉलला टेकवून तो ढकलतो, तो नकल बॉल.

हिशोब करायचा तर 140 चा बॉल आणि 115 चा बॉल यांच्यात बॅट्समनपर्यंत पोचायला सेकंदाच्या दहाव्या भागाचा फरक पडतो. ऐकायला कमी वाटतं, पण बॅट्समननं 140 समजून बॅट फिरवली, तर बॅट खाली येते तेव्हा बॉल अजून तीन मीटर लांब असतो. शिवाय हळू बॉल हवेत जास्त वेळ असल्यामुळे जमिनीकडे जास्त ओढला जातो. या दोन वेगांत हा फरक जवळपास अर्ध्या मीटरचा येतो. त्यामुळेच चांगला स्लोअर बॉल हातातून सुटताना फुलटॉस वाटतो, बॅट्समन खूश होतो आणि शेवटच्या क्षणी बॉल खाली बसतो.

याच झहीर खाननं 2011 च्या वर्ल्ड कपमध्ये नकल बॉल भरपूर वापरला. नैरोबीतला वेग आता राहिला नव्हता, पण डोकं चारपट चालत होतं. 20 मार्चला चेन्नईत वेस्ट इंडिजविरुद्ध भारतानं 268 रन केले होते. वेस्ट इंडिजचा स्कोअर 2 बाद 154 आणि डेव्हन स्मिथ 81 वर सेट. मॅच हातातून निघालेली. झहीरनं हळू बॉल टाकला, स्मिथची बॅट आधीच फिरून गेली आणि तो बोल्ड झाला. तिथून वेस्ट इंडिजचा डाव 188 वर आटोपला आणि भारत 80 रननी जिंकला. त्या वर्ल्ड कपमध्ये झहीरनं 21 विकेट घेतल्या. शाहिद आफ्रिदीच्याही तेवढ्याच होत्या, त्यापेक्षा जास्त कुणाच्याच नव्हत्या.

स्मिथसाठी यॉर्कर का नाही? कारण 81 वर खेळणाऱ्या माणसाचे डोळे वेगाला सरावलेले असतात. जोरात टाकलेला बॉल तो लवकर बघतो. त्याला जी गोष्ट सवयीची झालीये, तीच काढून घ्यायची असते. सेट बॅट्समनला स्लोअर आणि नवीन आलेल्याला जोरात, असा ढोबळ नियम बॉलर पाळतात तो यासाठीच.

स्लोअर बॉल फक्त वन-डे आणि टी-ट्वेंटीत चालतो असंही नाही. 28 डिसेंबर 2018, मेलबर्न टेस्ट, लंचच्या आधीचा शेवटचा बॉल. पीच संथ होतं, बॉल काही करत नव्हता आणि जसप्रीत बुमराहसमोर शॉन मार्श होता. मिड ऑफला उभ्या असलेल्या रोहित शर्मानं बुमराहला सुचवलं की शेवटचाच बॉल आहे तर वन-डेसारखा स्लोअर टाकून बघ. बुमराहचे आधीचे बॉल 140 च्या आसपास होते. हा बॉल 110-115 चा आला, फुलटॉस वाटता वाटता बसला आणि थेट मार्शच्या पायावर. एलबीडब्ल्यू. हा किस्सा नंतर खुद्द बुमराहनंच सांगितला. त्या डावात त्यानं 33 रन देऊन 6 विकेट काढल्या.

पण स्लोअर बॉलचीही एक अट आहे. तो चुकून आखूड पडला तर बॅट्समनला वेळच वेळ मिळतो. पाय मागे घ्यायचा, बघायचं आणि मारायचं. छोटी बाउंड्री आणि कडक, बॉल बॅटवर छान येणारं पीच असेल तर स्लोअर बॉल जुगार ठरतो. पीच जुनं, कोरडं, बॉल अडकून येणारं असेल तर तोच बॉल सोनं. आणि एका ओव्हरला चार वेळा टाकला तर तो स्लोअर राहतच नाही, बॅट्समनसाठी तो नेहमीचा वेग होऊन जातो.

आता उरला बाउन्सर. बाउन्सर म्हणजे डोकं फोडायला टाकलेला बॉल, असं अनेकांना वाटतं. पण बहुतेक वेळा बाउन्सरचं काम विकेट घेणं नसतंच, बॅट्समनचं वजन मागच्या पायावर नेणं हे त्याचं काम असतं. यॉर्करची वाट बघत बॅट्समन पुढे झुकायला लागलाय, किंवा पुढचा पाय बाजूला काढून उभ्या उभ्या मारतोय, की खांद्याच्या उंचीवर एक बॉल येतो. त्यावर रन नाही निघाला तरी चालतं. पुढच्या बॉलला त्याचा पाय पुढे यायला अर्धा क्षण उशीर करतो आणि तिथे यॉर्कर किंवा फुल लेंथचा बॉल काम करून जातो.

यात नियमांचाही मोठा हात आहे. टेस्ट आणि वन-डेत खांद्याच्या वर जाणारे दोन बॉल एका ओव्हरला चालतात, आंतरराष्ट्रीय टी-ट्वेंटीत मात्र एकच. डोक्याच्याही वरून गेला तर वाइड. त्यामुळे टी-ट्वेंटीत बॉलरनं ओव्हरच्या पहिल्याच बॉलला बाउन्सर टाकला आणि अंपायरनं 'एक झाला' अशी खूण केली, की बॅट्समनला उरलेल्या पाच बॉलसाठी अर्धं उत्तर मिळतं. आता वर काही येणार नाही, बिनधास्त पुढे या. म्हणून शहाणा बॉलर टी-ट्वेंटीत बाउन्सर शिल्लक ठेवतो. आयपीएलमध्ये 2024 पासून ओव्हरला दोन बाउन्सरची सूट मिळाली आणि त्याआधी ती सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत तपासून पाहिली गेली. एक टाकल्यावरही दुसऱ्याची भीती राहते, हा बॉलरचा त्यातला खरा फायदा.

एवढं सगळं वाचून वाटेल की दर बॉलला काहीतरी वेगळं करायचं. तसंही नाही. विदर्भाचंच उदाहरण घ्या. 2017-18 ची रणजी फायनल, इंदूरचं होळकर स्टेडियम, समोर दिल्ली. विदर्भाच्या रजनीश गुरबानीनं त्या डावात 59 रन देऊन 6 विकेट घेतल्या, त्यात हॅटट्रिक होती आणि हॅटट्रिकमधले तिन्ही बॅट्समन बोल्ड झाले. विकास मिश्रा, नवदीप सैनी आणि 145 वर खेळणारा ध्रुव शोरे. एका ओव्हरचे शेवटचे दोन बॉल आणि पुढच्या ओव्हरचा पहिला. रणजी फायनलमध्ये त्याआधी हॅटट्रिक झाली होती ती तामिळनाडूच्या कल्याणसुंदरमची, 1972-73 मध्ये. तळाचे बॅट्समन समोर असले की बॉल स्टंपवर ठेवायचा, हा साधा हिशोब. ज्याला मारताच येत नाही त्याला फसवायचं कशाला? हळू बॉलवर उलट त्याची बॅट बॉलला लागायची शक्यता वाढते. विदर्भानं ती मॅच 9 विकेटनी जिंकून पहिल्यांदा रणजी ट्रॉफी उचलली.

आणि गावच्या टेनिस बॉलचं काय? तिथे हिशोब थोडा बदलतो. टेनिस बॉलला लेदर बॉलसारखी उभी शिवण नसते, त्यामुळे कटर टाकला तरी पीचवर पकड कमी मिळते. बॉल हलका असल्यामुळे हवेतच वेग गमावतो, म्हणून जोराचा बॉल आणि हळू बॉल यांतला फरकही कमी होतो. काळ्या मातीचं, भेगा पडलेलं पीच असेल तर आखूड बॉल किती उसळेल ते बॉलरलाही सांगता येत नाही. टप्पा बॅटखालीच पडला तर पीचचा प्रश्नच येत नाही, त्यामुळे तिथे यॉर्करचा आग्रह अगदीच चुकीचा नसतो. फक्त तो स्टंपवरच हवा असं नाही. ऑफ स्टंपच्या बाहेर, वाइडच्या रेघेच्या आत टाकला तर चुकून फुलटॉस झाला तरी बॅट्समनला लेग साइडला ओढता येत नाही. मग फिल्डर त्या एकाच बाजूला लावता येतात.

हे सगळं एका ठिकाणी बघायचं असेल तर 29 जून 2024 ची बार्बाडोसमधली टी-ट्वेंटी वर्ल्ड कप फायनल आठवा. अक्षर पटेलच्या 15 व्या ओव्हरला 24 रन गेले होते. दक्षिण आफ्रिकेला 30 बॉलमध्ये 30 रन हवे होते, हातात सहा विकेट आणि हेनरिक क्लासेन सुटलेला. 16 व्या ओव्हरला बुमराहनं फक्त 4 रन दिले.

17 व्या ओव्हरचा पहिला बॉल हार्दिक पंड्यानं ऑफ स्टंपच्या बराच बाहेर आणि हळू टाकला. 52 वर सेट असलेल्या क्लासेनला वेगही मिळाला नाही आणि हाताशी बॉलही मिळाला नाही. तो ओढून मारायला गेला, कड लागली आणि ऋषभ पंतनं झेल घेतला. 18 व्या ओव्हरला बुमराहसमोर मार्को यानसेन नवीन होता. त्याला फसवाफसवी नाही, जोरात आणि आत येणारा बॉल, बॅट आणि पॅडच्या मधून थेट स्टंपवर. त्या ओव्हरला रन गेले फक्त 2. 19 व्या ओव्हरला अर्शदीप सिंगनं 4 रन दिले.

शेवटच्या ओव्हरला 16 रन हवे होते आणि समोर डेव्हिड मिलर. हार्दिकचा पहिला बॉल ऑफ स्टंपच्या बाहेर आला आणि टप्पा न पडता फुलटॉस गेला. हाच बॉल लेग स्टंपवर असता तर मिलरनं तो कुठे मारला असता हे सांगायला नको. पण बॉल बाहेर होता, त्यामुळे मिलरला तो समोरच मारावा लागला, लॉन्ग ऑफच्या दिशेनं. तिथे सूर्यकुमार यादव होता. त्यानं दोरीजवळ बॉल पकडला, तोल जाताना आत फेकला, बाहेर पाऊल टाकलं आणि परत आत येऊन झेल पूर्ण केला. भारत 7 रननी जिंकला.